डायक्लोफेनॅकला जोडलेलं सोडियम नेमकं काय करतं?

कंबर धरली, गुडघा सुजला, दाढ दुखली की डॉक्टर जी औषधं लिहून देतात त्यांत डायक्लोफेनॅकचं नाव हमखास असतं. घरातली पाकिटं एकदा काढून शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका स्ट्रिपवर डायक्लोफेनॅक सोडियम लिहिलेलं असेल, दुसरीवर डायक्लोफेनॅक पोटॅशियम, आणि चोळायच्या जेलच्या ट्यूबवर डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन. वेदना कमी करणारा रेणू तिन्हींत तोच आहे. बदलला आहे तो त्याचा जोडीदार, म्हणजे त्याचा कोणता क्षार बनवला आहे ते.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधी रसायनशास्त्रात फॉर्म्युलेशनवरची असाइनमेंट देताना हा प्रश्न मी आवडीने घालतो: ‘डायक्लोफेनॅकचा सोडियम क्षार केल्याने त्याच्या विद्राव्यतेत काय फरक पडतो, ते आकडेमोडीसह स्पष्ट करा.’ बहुतेक वह्यांत एकच वाक्य येतं. क्षार आयनिक असतो, आयनिक पदार्थ पाण्यात विरघळतात, म्हणून विद्राव्यता हजारो पटींनी वाढते. वाक्य सरळ खोटं म्हणता येत नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी कळली, तर सोडियमच्या गोळीवर खास आवरण का असतं, पोटॅशियमची गोळी लवकर का लागू पडते आणि जेलवर १.१६ टक्के असा विचित्र आकडा का छापतात, या तिन्हींची उत्तरं मिळतात.

सुरुवात रेणूपासून करू. डायक्लोफेनॅक हे सौम्य आम्ल आहे. दोन बेंझिन कडी, त्यांना जोडणारा नायट्रोजन, एका कड्यावर दोन क्लोरीन आणि दुसऱ्यावर एक लहानशी आम्लाची शेपटी, म्हणजे कार्बॉक्सिल गट. हा शेपटीचा तुकडा सोडला तर बाकीच्या रेणूचं पाण्याशी फारसं जमत नाही. त्यातून घन स्फटिकात दोन-दोन रेणू आपल्या शेपट्या एकमेकींत अडकवून बसतात, त्यामुळे पाण्याला शिरकाव करायला जी जागा होती तीही बंद होते. परिणाम असा की आम्लरूपातलं डायक्लोफेनॅक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विद्युतभार नसलेल्या या रूपाची विद्राव्यता मिलिलिटरला सुमारे १ मायक्रोग्रॅम धरतात. हिला अंगभूत विद्राव्यता म्हणू. वेगवेगळ्या मोजमापांत हा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण आपल्या गणिताला १ सोयीचा आहे.

आता याच आम्लाला सोडियम हायड्रॉक्साइड भेटलं की शेपटीवरचा हायड्रोजन निघून जातो, तिथे ऋण भार येतो आणि शेजारी सोडियमचा धन आयन येऊन बसतो. हा झाला डायक्लोफेनॅक सोडियम. भारित शेपटीभोवती पाण्याचे रेणू आनंदाने गोळा होतात. औषधकोश या क्षाराला पाण्यात ‘स्पेअरिंगली सोल्युबल’ या वर्गात टाकतो, म्हणजे १ ग्रॅम विरघळवायला ३० ते १०० मिलिलिटर पाणी लागतं. आपण मधला आकडा घेऊ, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. १ मायक्रोग्रॅम कुठे आणि २० मिलिग्रॅम कुठे! वहीतलं ‘हजारो पटींनी’ इथून येतं.

पण ‘आयनिक म्हणून विरघळतं’ या कारणावर फार विसंबू नये. आयनांना स्फटिकात धरून ठेवणारी ओढही जबर असते. आम्लरूप डायक्लोफेनॅक १५६ ते १५८ अंश सेल्सिअसला वितळतं, सोडियम क्षाराला मात्र २८० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे तो वितळता वितळता विघटितही होतो. म्हणजे क्षाराचा स्फटिक जास्त घट्ट आहे, तरीही पाण्यात जास्त विरघळतो, कारण आयनांना पाण्यात मिळणारा आधार त्या घट्टपणावर मात करतो. हा हिशेब दर वेळी असाच जुळेल असं नाही. कठीण पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि पांढरा चोथा तरंगतो, तो साबणातल्या मेदाम्लांचा कॅल्शियम क्षारच असतो. तोही क्षारच आहे, तरी विरघळत नाही.

प्रयोगशाळेत हे पाहायला पाच मिनिटं पुरतात, आणि असाइनमेंट लिहिण्याआधी प्रत्येकाने ते पाहावं असा माझा आग्रह असतो. परीक्षानळीत १०० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक सोडियम घ्या आणि १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून हलवा. स्वच्छ, पारदर्शक द्रावण तयार होतं. पीएच मीटर, म्हणजे सामू मोजणारं यंत्र, ७ ते ८.५ च्या दरम्यान काहीतरी दाखवेल. आता ड्रॉपरने विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडा. पहिले थेंब पडतात तिथेच पांढरी रेघ उमटते, हलवल्यावर सगळी नळी दुधाळ होते, आणि थोडा वेळ उभी ठेवली की तळाशी पांढरा अवक्षेप बसतो. दशांश नॉर्मल आम्लाचे जेमतेम ३ मिलिलिटर घातले की जवळजवळ सगळं औषध खाली बसलेलं असतं. हा अवक्षेप गाळून, धुऊन, वाळवून त्याचा द्रवणांक काढा. तो १५७ च्या आसपास येतो. क्षार घातला होता, हातात आम्ल आलं. दुधाळ नळीत सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घातले तर ती पुन्हा काचेसारखी स्वच्छ होते.

या नळीत खरा धडा आहे. द्रावणात एकदा गेल्यावर डायक्लोफेनॅकला आपण सोडियमबरोबर आलो होतो की एकटेच, याची आठवण राहत नाही. तिथे फक्त दोन रूपं असतात, भारित आणि भाररहित, आणि त्यांचं प्रमाण ठरवतो पीएच. डायक्लोफेनॅकचा पीकेए सुमारे ४ आहे. म्हणजे पीएच ४ असताना दोन्ही रूपं निम्मी निम्मी. पीएच एकाने वाढला की भारित रूप भाररहिताच्या दहापट, दोनाने वाढला की शंभरपट. भाररहित रूप मात्र कधीच आपल्या १ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. त्यावर जे येईल ते खाली बसतं. म्हणून एकूण विद्राव्यता अशी निघते:

S = S₀ × (1 + 10^(pH − pKa))

यात S₀ म्हणजे अंगभूत विद्राव्यता. आता आकडे घालून पाहू. जठरातला पीएच १.२ धरला तर कंसातली दुसरी संख्या नगण्य होते आणि उत्तर येतं मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. पीएच ५ ला ११, पीएच ६ ला १०१. लहान आतड्याचा म्हणून जो पीएच ६.८ चाचण्यांत वापरतात, तिथे ६३२ मायक्रोग्रॅम.

याचा अर्थ ५० मिलिग्रॅमच्या गोळीच्या भाषेत लावू. सोडियम क्षाराचा रेणुभार ३१८.१३ आणि आम्लाचा २९६.१५, त्यामुळे ५० मिलिग्रॅम क्षारात साधारण ४६.५ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक आम्ल असतं. ते सगळं पीएच १.२ च्या द्रवात विरघळलेलं राहायचं तर ४६ लिटरहून जास्त द्रव लागेल. गोळीबरोबर आपण पितो एक पेला पाणी, म्हणजे पाव लिटर. पीएच ६.८ ला मात्र ७५ मिलिलिटरमध्ये काम भागतं. एवढा द्रव आतड्यात सापडणं अवघड नाही.

लक्षात घ्या, वरच्या सूत्रात सोडियमचा उल्लेखच नाही. हीच ती वह्यांतून सुटलेली अर्धी गोष्ट. पीएच ६.८ चा तगडा बफर दोन चंचुपात्रांत घ्या. एकात आम्लरूप डायक्लोफेनॅकची भरपूर पूड टाका, दुसऱ्यात सोडियम क्षाराची. बफर इतका समर्थ असू द्या की पीएच जागचा हलणार नाही. चोवीस तास हलवत ठेवा, गाळा आणि मोजा. दोन्हींत तोच आकडा येईल, मिलिलिटरला सुमारे ०.६३ मिलिग्रॅम. दुसऱ्या पात्राच्या तळाशी उरलेली पूड तपासली तर तीही आता आम्लाची निघेल. पीएच ठरलेला असेल आणि तो एका मर्यादेच्या खाली असेल, तर क्षार केल्याने अंतिम विद्राव्यता एका पटीनेही वाढत नाही.

मग ते हजारो पट कुठे गेलं? साध्या पाण्याची तुलना नीट पाहिली की उलगडा होतो. आम्ल पाण्यात टाकलं की ते पाण्यालाच थोडं आम्लधर्मी करतं, पीएच ४ ते ५ च्या मध्ये येतो आणि विद्राव्यता काही मायक्रोग्रॅमवर अडकते. क्षार पाण्यात टाकला की तो पाण्याला आम्लारीधर्मी करतो, आणि संपृक्त द्रावणाचा पीएच ८ च्या वर जातो. म्हणजे आपण दोन पदार्थ एकाच पाण्यात तपासले असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या पीएचला तपासलेले असतात. क्षार आपल्यासोबत आपला पीएच घेऊन येतो, आणि त्याची खरी ताकद तीच.

ती मर्यादा कोणती, तेही याच सूत्रातून निघतं. आपण क्षाराची स्वतःची विद्राव्यता २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम धरली होती. आम्लाची विद्राव्यता पीएच वाढेल तशी वर वर चढत या आकड्याला गाठते ते पीएच ८.३ च्या आसपास. या बिंदूला पीएच-मॅक्स म्हणतात. याच्या खाली तळाशी टिकून राहणारा घन पदार्थ आम्ल असतो, याच्या वर क्षार. पीएच-मॅक्सच्या खालच्या कुठल्याही द्रवात क्षार टाकला तर तो आज ना उद्या आम्लात बदलणार. आपलं जठर आणि आतड्याचा बराचसा भाग याच बाजूला येतो.

पण ‘आज ना उद्या’ यातच सगळं औषधशास्त्र आहे, कारण शरीर चोवीस तास थांबत नाही. गोळी पोटातून पुढे सरकत असते. तिच्यासाठी शेवटी किती विरघळेल यापेक्षा किती वेगाने विरघळतं हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्ये विरघळण्याच्या वेगाचा नियम मांडला. कणाच्या पृष्ठभागाला चिकटून द्रवाचा एक पातळ थर असतो, तो संपृक्त असतो. तिथली तीव्रता आणि बाहेरच्या द्रवातली तीव्रता यांत जितका फरक जास्त, तितका पदार्थ वेगाने बाहेर जातो.

त्या पातळ थराचा पीएच बाहेरच्या द्रवासारखाच असेल असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच चुकतो. आम्लाच्या कणाभोवतीचा थर आम्लामुळे किंचित आम्लधर्मी होतो, म्हणजे आम्ल स्वतःच स्वतःची वाट अडवतं. क्षाराच्या कणाभोवतीचा थर त्याच्या स्वतःच्या पीएचकडे, ८ च्या दिशेने, ओढला जातो. बाहेर ६.८ चा बफर असला तरी कणाला लागून असलेल्या थरात तीव्रता ०.६३ ऐवजी २० मिलिग्रॅमच्या जवळपास असू शकते. म्हणजे विरघळण्याचा वेग तीसेक पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि तोही अंतिम विद्राव्यता तीच असताना. १९५७ मध्ये एइनो नेल्सन यांनी थिओफिलिन या दम्याच्या औषधाच्या क्षारांवर नेमकं हेच दाखवलं. क्षार वेगाने विरघळतात आणि त्याचा परिणाम रक्तात पोचणाऱ्या औषधावर दिसतो. पुढच्याच वर्षी सौम्य आम्लं आणि त्यांचे सोडियम क्षार यांच्या वेगांची तुलनाही त्यांनी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी उत्तरात विद्राव्यता आणि विरघळण्याचा वेग हे दोन शब्द वेगळे ठेवले, तर माझ्या मते निम्मे गुण तिथेच कमावले.

आता गोळी पोटात टाकू. सोडियमची साधी, आवरण नसलेली गोळी जठरात पडली तर क्षार भराभर विरघळू लागतो. पण थराबाहेर पडल्या पडल्या त्याची गाठ पीएच १.२ च्या रसाशी पडते आणि परीक्षानळीतला दुधाळ प्रकार सुरू होतो. काही क्षण द्रवात मर्यादेपेक्षा जास्त औषध टिकून राहतं, जसा साखरेचा पाक गार झाल्यावरही काही वेळ न साखरता राहतो, पण मग ते खाली बसतंच. कधी आम्लाचा अवक्षेप क्षाराच्या कणावरच पापुद्र्यासारखा धरतो आणि आतला क्षार अडकून पडतो. शिवाय आम्लात हा रेणू हळूहळू आपली शेपटी आपल्याच नायट्रोजनला जोडून बंद कडं करतो, आणि मग तो डायक्लोफेनॅक राहतच नाही. जठराच्या अस्तरालाही या औषधाचा त्रास होतो. या कारणांसाठी सोडियमची नेहमीची गोळी आंत्रावरण चढवून बनवतात. हे आवरण आम्लात टिकतं आणि पीएच साडेपाचच्या वर गेला की सुटतं. चाचणीही तशीच असते. गोळी आधी दोन तास दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, तिने औषध सोडता कामा नये. मग पीएच ६.८ चा बफर, आणि तिथे ते झटपट बाहेर आलं पाहिजे. किंमत मोजावी लागते ती वेळेची. जठर कधी रिकामं होतं त्यावर औषधाची सुरुवात अवलंबून राहते, आणि जेवणानंतर घेतली तर ती आणखी लांबते.

पोटॅशियम क्षाराची वाट वेगळी. ही गोळी सहसा आंत्रावरणाशिवाय बनवतात, म्हणजे औषध जठरातच मोकळं होतं. जठरात ते आम्लरूपात खाली बसत नाही का? बऱ्याच अंशी बसतं. पण गोळीचे ढेकळासारखे तुकडे आणि द्रावणातून नुकताच बसलेला बारीक अवक्षेप यांत फरक आहे. बारीक कणांचं एकूण पृष्ठफळ प्रचंड असतं, आतड्यात पीएच चढला की ते भरभर पुन्हा विरघळतात. म्हणून दाढदुखी किंवा मासिक पाळीच्या वेदनांसारख्या, लवकर आराम हवा अशा ठिकाणी पोटॅशियमची गोळी लिहितात. इथे लोकांचा एक समज दुरुस्त करायला हवा. पोटॅशियम क्षार लवकर लागू पडतो याचं मोठं श्रेय आवरण नसण्याला जातं, एकट्या पोटॅशियमला नाही. औषधकोशात दोन्ही क्षार विद्राव्यतेच्या एकाच वर्गात आहेत.

याच्या एक पाऊल पुढे गेलेलं औषध अमेरिकेत अर्धशिशीसाठी २००९ मध्ये मंजूर झालं. पुडीत डायक्लोफेनॅक पोटॅशियम ५० मिलिग्रॅम आणि त्याच्यासोबत पोटॅशियम बायकार्बोनेट. थोड्या पाण्यात विरघळवून प्यायचं. बायकार्बोनेट काय करतं, हे आता सांगायला नको. ते औषधाभोवतीचा पीएच चढता ठेवतं. रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे १५ मिनिटांत गाठली जाते. क्षार आपला पीएच घेऊन येतो हे खरं, पण जठराच्या आम्लापुढे तो एकटा फार काळ टिकत नाही, म्हणून त्याला कुमक दिली.

क्षाराच्या मर्यादा दोन ठिकाणी फार ठळक दिसतात. पहिली आपल्याच प्रयोगात. डायक्लोफेनॅक सोडियमच्या संपृक्त द्रावणात साधं मीठ टाकलं तर औषध खाली बसू लागतं. कारण क्षाराची विद्राव्यता दोन आयनांच्या तीव्रतांच्या गुणाकाराने ठरते, आणि मिठातून आलेलं सोडियम त्या गुणाकारात आपला वाटा घेतं. आपल्या २० मिलिग्रॅमच्या आकड्यावरून हिशेब केला तर सलाइनमध्ये, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, तीच विद्राव्यता ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. बफर सोडियम फॉस्फेटचा असेल तर असाच परिणाम तिथेही होतो. आम्लारीधर्मी औषधांचे हायड्रोक्लोराइड क्षार बनवतात, त्यांच्या बाबतीत हे काम जठरातलं क्लोराइड करतं.

दुसरी मर्यादा पीकेएची. डायक्लोफेनॅक ४ पीकेएचं आम्ल आहे म्हणून त्याचा क्षार पाण्यात तसा निर्धास्त राहतो. आकडीवरचं फेनिटॉइन हे फारच सौम्य आम्ल आहे, पीकेए सुमारे ८.३. त्याला द्रावणात भारित ठेवायचं तर पीएच खूप वर न्यावा लागतो. म्हणून फेनिटॉइन सोडियमचं इंजेक्शन पीएच १२ ला बनवतात, आणि तरीही त्यात ४० टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल घालावं लागतं. ते डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळलं तर पीएच घसरतो आणि फेनिटॉइनचे स्फटिक दिसू लागतात. ते शिरेतून देणं धोक्याचं असतं. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना हे तोंडपाठ असतं: फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये नाही, सलाइनमध्येच. तेही पातळ केल्यावर फार वेळ ठेवायचं नाही आणि देताना गाळणी लावायची.

जेलकडे येऊ. त्वचेचा वरचा थर तेलकट असतो, तिथे नुसतं पाण्यात विरघळणं कामाचं नाही. डायइथिलअमाइन हा सेंद्रिय जोडीदार आहे. त्याच्याबरोबरचा क्षार पाण्याबरोबरच जेलमधल्या प्रोपिलिन ग्लायकॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांतही नांदतो. आता ट्यूबवरचा आकडा. या क्षाराचा रेणुभार ३६९.२९. त्याला सोडियम क्षाराच्या ३१८.१३ ने भागा. उत्तर येतं १.१६. म्हणजे १०० ग्रॅम जेलमधल्या १.१६ ग्रॅम डायइथिलअमाइन क्षारात जेवढं डायक्लोफेनॅक आहे, तेवढंच १ ग्रॅम सोडियम क्षारात असतं. म्हणून ट्यूबवर ‘१ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या समतुल्य’ असं छापतात. गोळ्यांना मात्र असा हिशेब लावलेला नसतो. ५० मिलिग्रॅम पोटॅशियम क्षारात आम्ल साधारण ४४.३ मिलिग्रॅम असतं, सोडियममध्ये ४६.५. फरक लहान आहे, पण मात्रेचे आकडे क्षाराचे आहेत की आम्लाचे, हे न पाहता केलेली तुलना चुकतेच.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतली एक चूक मात्र मी सोडून देत नाही. पीएच ६.८ च्या बफरमध्ये सोडियम क्षाराची भरपूर पूड टाकतात, दुसऱ्या दिवशी गाळून २७६ नॅनोमीटरला वर्णपटमापीवर मोजतात आणि ०.६३ च्या कितीतरी वरचा आकडा ‘६.८ ची विद्राव्यता’ म्हणून लिहितात. क्षार आम्लात बदलताना बफरमधला हायड्रोजन खातो, त्यामुळे पीएच चढत जातो, आणि साधा बफर तेवढ्या पुडीपुढे हात टेकतो. सकाळी पीएच ७.५ झालेला असतो आणि मोजणी त्याची असते. उपाय सोपा आहे. पीएच सुरुवातीला नाही, गाळण्याच्या वेळी मोजा. तो चढला असेल तर आम्ल घालून जागेवर आणा आणि पुन्हा थांबा. आणि तळाशी उरलेली पूड फेकू नका, वाळवून तिचा द्रवणांक घ्या. या दोन नोंदी नसतील तर विद्राव्यतेच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

ज्यांना असाइनमेंट लिहायची नाही, फक्त दुखणं थांबवायचं आहे, त्यांच्यासाठी यातून निघणारं सांगणं थोडकं आहे. आंत्रावरण असलेली डायक्लोफेनॅक सोडियमची गोळी तोडू नका, कुटू नका, चावू नका. अख्खी पाण्याबरोबर गिळा. गिळता येत नसेल तर घरी उपाय करण्याऐवजी डॉक्टरांना सांगा, ते दुसरा प्रकार लिहून देतील. सोडियमची स्ट्रिप संपली म्हणून पोटॅशियमची, किंवा उलट, आपल्या मनाने सुरू करू नका. आणि दोन्ही घरात असतील तर ती दोन वेगळी औषधं आहेत असं समजून एकाच दिवशी दोन्ही घेऊ नका, कारण रक्तात पोचल्यावर ते एकच डायक्लोफेनॅक आहे आणि त्याची मात्रा दुप्पट झालेली असते.